बांधून ठेवलेली ओळ

वर्ध्याच्या एका साप्ताहिकात मी बातम्या लिहायचो तेव्हा माझं वय पंचविशीचं होतं आणि स्वतःच्या लेखणीबद्दलचं मत फारच चांगलं होतं. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. अंक चार पानांचा. शनिवारी सकाळी छापायचा आणि सोमवारपर्यंत वाचकाने तो विसरायचा, अशी साधारण व्यवस्था. संपादक, मालक आणि जाहिराती आणणारा हे तिघे मिळून एकच गृहस्थ होते. वार्ताहर, उपसंपादक आणि मुद्रितं तपासणारा हे तिघे मिळून मी होतो.

खरा कारभार मात्र काकांचा. काका म्हणजे छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे. नाचणगावहून रोज गाडीने यायचे, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि माझ्या लिखाणाबद्दल एकच प्रश्न: "किती लांब हाय?" शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, छपाई झाली की एकेक सोडवून परत आपापल्या खणात टाकायचा. काम किचकट. त्यात आमच्याकडे खिळे कमी. म्हणून काकांनी एक सोय काढली होती. जी वाक्यं दर आठवड्याला लागतात ती त्यांनी सोडवायचीच नाहीत, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवून द्यायची. 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे' बांधलेलं होतं. 'कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला' तर इतकं झिजलं होतं की 'उत्साहात' नीट उमटायचंच नाही. वर्ध्यात कोणी मेलं काय नि कोणाचा सत्कार झाला काय, काका फळीकडे हात नेत.

त्या फळीवर माझीही एक ओळ होती आणि मला तिचा अभिमान होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. 'नियतीने पाय हिरावले, पण जिद्द हिरावू शकली नाही.' अंध मुलांच्या गायनाची बातमी आली तेव्हा मी ती पहिल्यांदा लिहिली होती, अर्थात 'डोळे' घालून. पुढे चित्रकलेत बक्षीस मिळवलेला एक कर्णबधिर मुलगा आला, तेव्हा काकांनी 'डोळे' काढून 'कान' बसवले. "मंधातला शब्द बदलला का झालं," ते म्हणाले होते. मला ती दाद वाटली.

तर अशात एका रविवारी अपंग खेळाडूंची विभागीय निवड स्पर्धा वर्ध्याच्या एका शाळेच्या मैदानावर झाली. सकाळी साताला सुरू होणार होती. मी अकराला पोचलो, कारण बक्षीस समारंभ साडेअकराला होता आणि बातमी म्हणजे बक्षीस समारंभ, अशी माझी पक्की समजूत होती. पाहुण्यांचं भाषण उतरवून घेतलं. गोळाफेकीत पहिली आलेली एक बाई कुबड्यांवर व्यासपीठाकडे आली तेव्हा सभा गलबलली, आणि मी पण. तिथेच वहीवर चार वाक्यं लिहून टाकली. बातमीत पाहुणे होते, गलबललेली सभा होती, 'खुर्चीला जखडलेल्या या दुर्दैवी युवतीने' होतं आणि शेवटी अर्थातच ती ओळ, पायांसकट.

अंक निघाला, आणि पुढच्या बुधवारी दुपारी ती युवती कचेरीत आली.

पवनारच्या बसने आली होती. दोन्ही पायांना लोखंडी कॅलिपर, दोन कुबड्या, खांद्याला पिशवी. दाराला तीन पायऱ्या होत्या. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. तशी ती थांबली, माझ्या हाताकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, हात काढा. नाई तं दोघंही पडू." मी हात काढला. ती पायऱ्या चढली आणि माझ्याच खुर्चीत बसली, कारण दुसरीला तीनच पाय होते.

पिशवीतून तिने आमच्या अंकाचं कात्रण काढलं. "हे तुमीच लिहिलं?"

आता स्तुती होणार म्हणून मी सावरून उभा राहिलो.

"मग सांगा, गोळा कुठं पडला?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हनजे मी गोळा फेकला ना जी? मंग थो कुठं तरी पडला असन. तुमच्या बातमीत थो अजून हवेतच हाय."

आतून काकांचं खिळे जुळवणं थांबलं. त्यांना ऐकायचं होतं.

ती पंचायत समितीत कारकून होती. राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. गाडी पुढल्या गुरुवारी. किरकोळ रजा सकाळच्या सरावाने आणि आधीच्या स्पर्धांनी संपवलेली, त्यामुळे खेळाडूंना मिळते ती विशेष रजा मिळाली तरच जाता येणार होतं. अर्जासोबत निवडीचं पत्र जोडलं होतं, पण ते इंग्रजीत. त्याच्या मागे तिच्या बापाने कौतुकाने आमचं कात्रण टाचलं. तिथल्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, इंग्रजी पत्र बाजूला ठेवून कात्रण वाचलं आणि अर्जावर शेरा मारला: 'सोबतच्या वृत्तावरून सदर कार्यक्रम हा अपंगांच्या सत्काराचा दिसतो. क्रीडा स्पर्धा झाल्याचा बोध होत नाही.'

तो शेरा तिने मला वाचायला दिला. मी दोनदा वाचला. वाईट गोष्ट ही की बाबूंचं काही चुकलं नव्हतं. माझ्या बातमीतून मलाही स्पर्धा झाल्याचा बोध होत नव्हता.

"सोमवारपर्यंत दुसरा पुरावा आना म्हनते," ती म्हणाली. "तुमचा अंक शनिवारी निंघते. मले बातमी पायजे. खेळाची."

"लिहितो ना ताई," मी म्हणालो. "आणि खरंच माफ करा, तुमच्या दुःखाची मला..."

"मले दुःख नाई, सहा फेकी हायेत." तिने एक कार्बन प्रत टेबलावर ठेवली. पंचांचा तक्ता. "आनि हे 'खुर्चीला जखडलेली' कोनं सांगतलं तुमाले? मी कुबड्यायवर फिरतो. खुर्चीले फक्त फेकताना बांधून घेतो, तेबी माया हातानं. पट्टा ढिला राह्यला तं गोळा समोर जाईन आनि मीबी."

तेवढ्यात काका बाहेर आले. त्यांच्या तळहातावर दोऱ्याने बांधलेली ओळ होती. "ताई, हे पाहा, तुमची ओळ मोडली नाई. बांधून ठेवली. पुढच्या बारीले कामी येईन."

तिने ती हातात घेतली. शिशातली अक्षरं उलटी, म्हणून काकांनीच वाचून दाखवली, आणि उत्साहाच्या भरात 'डोळे' आणि 'कान' यांचीही हकिकत सांगून टाकली. ती इतकी हसली की कुबडी घसरून खाली पडली. मी उचलायला वाकलो, मग आठवलं, आणि तसाच अर्धा वाकून राहिलो. "उचला जी," ती म्हणाली. "थे चालते."

रविवारी मैदानावर जे पाहायचं राहून गेलं होतं ते गुरुवारी सकाळी पवनारला जाऊन पाहिलं. तिनेच बोलावलं होतं. न पाहता लिहू नका, एवढीच अट. धाम नदीच्या काठाजवळ एका पडीक वावरात तिचा भाऊ बैलांचे खुंटे ठोकून लाकडी खुर्ची चारी बाजूंनी दोराने ताणून बांधत होता. खुर्चीला पाठ नव्हती, एका बाजूला धरायला दांडा होता. ती बसली, कॅलिपर काढून बाजूला ठेवले, मांड्यांवरून पट्टा ओढला. तीन किलोचा गोळा मानेशी लावला, डावा हात दांड्यावर, कमरेतून मागे वळली आणि सरळ होता होता सगळं अंग त्या गोळ्यामागे घातलं. तोंडातून आवाज निघाला तो आमच्या बातमीतल्या युवतीचा नव्हता.

मी "वा!" म्हणालो.

"फाऊल," ती म्हणाली. "वा काय? बूड उचललं मी. खुर्चीवरून बूड उचललं का फाऊल."

मग मला कामाला लावलं. टेपचं एक टोक धरायचं आणि गोळ्याने उमटवलेल्या खड्ड्याच्या कुठल्या कडेपासून मोजायचं ते शिकायचं. जवळच्या कडेपासून. मी दूरच्या कडेपासून मोजून तिला चार बोटं बक्षीस देऊ केली होती. ती तिने परत केली. डॉक्टर तपासून गट कसा ठरवतात, कमरेत किती बळ आहे हे पाहून सारख्यांना सारख्यांशी कसं लावतात, तेही समजलं. तासाभरात माझ्या लक्षात आलं की ह्या बाईविषयी लिहायला इतकं होतं आणि मी पाहुण्यांविषयी लिहिलं होतं. लाज वाटली. पण ती बोलून दाखवायची सोय नव्हती, तिने टेप पुन्हा हातात दिला होता.

तिथेच बांधावर बसून मी मसुदा लिहिला आणि तिला वाचून दाखवला. "धामकाठच्या वाघिणीने प्रचंड चुरशीत..."

"थांबा. किती जनी होतो आमी गटात?"

"तक्त्यावर तीन दिसतात."

"मंग तीन लिहा. प्रचंड कुठं हाय त्यात? आनि वाघीन काढा. वाघीन गोळा फेकते का?"

"ताई, आधी दुर्दैवी लिहिलं तर चालत नाही, आता वाघीण लिहिलं तर चालत नाही. मग तुम्हाला म्हणू तरी काय?"

"गोळाफेकपटू म्हना. कारकून म्हना. पवनारची म्हना." तिने कॅलिपरचा पट्टा आवळला. "दुसऱ्या पोरीनं शाळेच्या स्पर्धेत गोळा फेकला तं तुमी काय लिहिता?"

"नाव, गाव, अंतर, क्रमांक."

"मंग मायावर काऊन एवढी मेहनत करून राह्यले?"

भाऊ खुंटे उपटत होता. तोही हसला. मी वाघीण खोडली.

'अपंग' हा शब्द ठेवायचा की नाही, असं मी विचारलं. आज त्या जागी दुसरे शब्द आहेत. तेव्हा बोलण्यात 'लंगडी'च जास्त होतं आणि 'अपंग' हा सभ्य शब्द. ती म्हणाली, स्पर्धा कोणती हे वाचकाला कळलंच पाहिजे, तेव्हा वर एकदा लिहा. मग दर ओळीत परत परत आठवण नको. वाचणाऱ्याची आठवण एवढी कच्ची नसते. आणि पोलिओविषयी लिहायचंच असेल तर 'लहानपणी पोलिओ झाला' असं लिहा, 'पोलिओने ग्रासलेली' नको. "दोन वर्साची होती तवा झाल्ता. आता काय थो रोज येऊन ग्रासते काय मले?"

परत येऊन मी बातमी सुबक उतरवली. गट, गोळ्याचं वजन, तिघींच्या एकेका फेकीचं अंतर, तिची सर्वोत्तम पाचवी फेक पाच मीटर बेचाळीस सेंटीमीटर. सगळं तक्त्याबरहुकूम. फक्त एक केलं. तक्त्यात तिच्या नावापुढे पहिली आणि चौथी फेक फाऊल होती. त्या दोन्ही मी गाळल्या. कशाला उगाच, बिचारीच्या रजेचा प्रश्न आहे, असं माझ्या मनात आलं. 'बिचारी' हा शब्द मी कागदावरून काढला होता. डोक्यातून निघाला नव्हता.

शुक्रवारी मला पुलगावला एका सभेसाठी जावं लागलं. मुद्रित पाहायला मी नव्हतो.

शनिवारी सकाळी कचेरीत शिरलो तेव्हा मशीन खडखडत होतं आणि ती माझ्या खुर्चीत बसून ओला अंक वाचत होती. पहिल्या बसनेच आली होती. मी मोठ्या अपेक्षेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती ओळीमागून ओळ वाचत होती, मान हलवत होती, खूश दिसत होती. मग थांबली. तिने अंक माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं.

बातमीच्या तळाशी, शेवटच्या दोन ओळींत, 'नियतीने पाय हिरावले, पण जिद्द हिरावू शकली नाही.'

मी आत धावलो. काकांनी चष्मा वर केला. "दोन ओळी कमी पडत होत्या," ते म्हणाले. "जागा कोरी ठेवता येते का? फर्म्यात खिळे ढिले पडते. आनि बातमी ताईचीच, ओळबी ताईचीच. म्हनलं बसवून देऊ."

रागवायचं कुणावर? ओळ माझी, आणि जागाही मीच रिकामी ठेवलेली. ती दारात येऊन उभी राहिली होती. सोमवारी हाच कागद बडे बाबूंपुढे जाणार, आणि ते काय वाचणार हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. इतके दिवस तिने मला हसत टोचलं होतं. आता ती हसत नव्हती. "पाच वर्सं झाली मी फेकून राह्यली," ती हळू म्हणाली. "एक बारी तं नुसतं खेळाचं छापा."

काकांनी मशीन थांबवलं. माझ्या आठवणीत छापता छापता मशीन थांबल्याचा तो एकच प्रसंग. निघालेले अंक बाजूला टाकले. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट, उतरवून त्यांनी त्या दोन ओळी चिमट्याने उचलल्या. खाली तेवढंच भोक उरलं.

"आता इथं काय घालू?" त्यांनी मला विचारलं.

मी डोकं खाजवलं. 'सर्वत्र अभिनंदन होत आहे' असं काहीतरी पुटपुटलो. तेही फळीवर तयारच होतं.

तिने तक्ता मागितला. बोट फिरवलं. "माया दोन फेकी कुठं गेल्या? सहा फेकल्या मी. तुमी चारच लिहिल्या."

"त्या फाऊल होत्या ना ताई. म्हटलं..."

"काय म्हटलं?"

खरं उत्तर ज्या शब्दाने सुरू होत होतं तो तिच्यासमोर उच्चारण्याची माझी छाती नव्हती. तिला तो न उच्चारताच कळला असावा. "भाऊ," ती म्हणाली, "रनजीच्या सामन्यात कोनी शून्यावर बाद झाला तं तुमी दया करून थे लपवता का?"

काका ओळ जुळवायची स्टिक घेऊन उभे होते. "सांगा, ताई."

तिने सांगितलं, त्यांनी जुळवलं: 'त्यांची पहिली व चौथी फेक फाऊल ठरली, दोन्ही वेळा त्या बैठकीवरून उचलल्या गेल्या.' वाक्य भोकात घातलं. दोन ओळी बरोबर भरल्या. काकांनी वरून ठोकून पाहिलं, एक खिळाही हलला नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. पहिला अंक तिने फुंकर मारून वाळवला आणि पिशवीत ठेवला. मी पायऱ्यांपर्यंत गेलो, दोन्ही हात पाठीमागे धरून.

मंगळवारी दुपारी काकांना आणि मला चहाबरोबर बातमी मिळाली. ती सांगायला स्वतःच आली होती. बडे बाबूंनी कात्रण दोनदा वाचलं. तरुणपणी ते कबड्डी खेळलेले, हे तोवर तालुक्यात कोणाला माहीत नव्हतं, तिलाही नाही. अंतराच्या आकड्यांवरून त्यांची नजर झरझर गेली, खाली येऊन थांबली. "दोन फाऊल?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, होय. "बूड काऊन उचललं? पट्टा ढिला होता?" ती म्हणाली, पहिल्या खेपेला होता, चौथ्या खेपेला घाई झाली. बाबूंनी मान डोलावली, जुना शेरा रेघ मारून खोडला आणि खाली लिहिलं, 'क्रीडा स्पर्धा. रजा मंजूर.' मग तिला म्हणाले, "सत्कारात कोनी फाऊल करत नाई, बाई. थे फक्त खेळात होते."

हे सांगताना ती पुन्हा हसत होती. मला मात्र हसू येईना. जी ओळ मी तिच्यावर दया करून गाळली होती, तिनेच तिला गाडीत बसवलं.

ती गेल्यावर काकांनी फळीवरची ती जुनी ओळ घेतली, दोरा सोडला आणि एकेक खिळा खणात टाकू लागले. 'न' नच्या खणात, 'य' यच्या खणात. मी म्हटलं, द्या, मी करतो. "तुमाले खण माहीत नाईत," ते म्हणाले. दोरा मात्र त्यांनी मला दिला.

पंधरा दिवसांनी तिचं पोस्टकार्ड आलं. पत्त्यात माझ्या नावापुढे 'यांस' होतं, बाकी मायना नाही, खुशाली नाही. सहा फेकींची सहा अंतरं एकाखाली एक लिहिलेली, तिसरीपुढे फाऊल. सर्वांत लांब फेक पाच मीटर एकसष्ट. गटात नऊ जणी. क्रमांक चौथा, तिसऱ्या क्रमांकाची फेक पाच मीटर त्र्याण्णव. खाली एक ओळ: 'पदक नाई भेटलं, हे बी छापजा.'

मी छापलं. 'थोडक्यात हुकलं' असं लिहायला हात शिवशिवत होता. म्हणून तिसऱ्या क्रमांकाशी तिचं अंतर काढून पाहिलं. बत्तीस सेंटीमीटर. ते थोडक्यात नव्हतं. मी बत्तीस सेंटीमीटर लिहिलं.